पर्याय अनेक, गुण किती?

‘लागू असलेले सर्व पर्याय निवडा’ अशी सूचना असलेल्या प्रश्नात किती पर्याय बरोबर आहेत हे उत्तर देणाऱ्याला सांगितलेले नसते. नेहमीच्या बहुपर्यायी प्रश्नात चारांतला एकच बरोबर असतो, त्यामुळे तीन बाद करता आले की चौथा आपोआप हाती येतो. सर्व पर्याय निवडण्याच्या प्रश्नात ही सोय नाही. प्रत्येक पर्याय वेगळा तपासून तो दिलेल्या परिस्थितीला लागू आहे की नाही, याचा निर्णय घ्यावा लागतो. पर्याय सहा असतील तर निर्णयही सहा होतात.

कंपन्या आणि कार्यालये कायदेपालनासाठी कर्मचाऱ्यांना जे प्रशिक्षण देतात, त्याच्या शेवटच्या चाचणीत असे प्रश्न वारंवार येतात. कायद्यातल्या बऱ्याच तरतुदी याद्यांच्या रूपात असतात, हे त्याचे मुख्य कारण. छळ कशाला म्हणायचे, तक्रार कोण करू शकते, समितीला काय करता येते, या प्रश्नांचे एकच उत्तर नसते. प्रश्न तयार करणे त्यामुळे फारसे अवघड जात नाही. अवघड असते ते गुण देणे. तीनपैकी दोन बरोबर पर्याय निवडणाऱ्याला किती गुण द्यायचे? तिन्ही बरोबर निवडून त्यांत एक चुकीचा घालणाऱ्याला किती? याचा नियम आधीच ठरलेला नसेल, तर चाचणीचा निकाल ज्ञानापेक्षा खुणा करण्याच्या सवयीवर अवलंबून राहतो.

एक कायदा, एक प्रश्न

कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ (प्रतिबंध, मनाई आणि निवारण) अधिनियम, २०१३ हा ‘पॉश कायदा’ म्हणून ओळखला जातो. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली विशाखा प्रकरणात घालून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांची जागा या कायद्याने घेतली. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती नेमावी लागते. कर्मचाऱ्यांसाठी ठरावीक काळाने जागृतीचे कार्यक्रम घेणे, हे कलम १९ नुसार मालकाचे कर्तव्य आहे. मात्र परीक्षा घ्या किंवा अमुक गुणांना उत्तीर्ण करा, असे कायदा सांगत नाही. चाचणी आणि तिचे नियम प्रशिक्षण देणाऱ्यालाच ठरवावे लागतात.

कलम १२ मध्ये चौकशी चालू असतानाच्या अंतरिम दिलाशाची तरतूद आहे. तिच्यावर पुढील प्रश्न बेतता येतो.

एका कारखान्याच्या लेखा विभागातील महिलेने आपल्या विभागप्रमुखाविरुद्ध अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार केली आहे. चौकशी सुरू आहे. या काळात दिलासा मिळावा, असा लेखी अर्जही तिने समितीला दिला आहे. समिती मालकाला अंतरिम दिलासा म्हणून पुढीलपैकी कशाची शिफारस करू शकते? लागू असलेले सर्व पर्याय निवडा.

अ. विभागप्रमुखाची दुसऱ्या कार्यस्थळी बदली करणे.
आ. विभागप्रमुखाच्या पगारातून रक्कम कापून तक्रारदार महिलेला नुकसानभरपाई देणे.
इ. तक्रारदार महिलेला तिच्या नेहमीच्या हक्काच्या रजेशिवाय तीन महिन्यांपर्यंत रजा देणे.
ई. तक्रारदार महिलेचा गोपनीय अहवाल लिहिण्याचे काम दुसऱ्या अधिकाऱ्याकडे सोपवणे.
उ. अफवा थांबाव्यात म्हणून तक्रारीचा मजकूर आणि दोघांची नावे स्थानिक वृत्तपत्राला खुलासा म्हणून देणे.
ऊ. तक्रार मागे घेण्याच्या अटीवर तक्रारदार महिलेला ठरावीक रक्कम देऊन प्रकरण मिटवणे.

अ, इ आणि ई हे पर्याय बरोबर आहेत. पहिले दोन कलम १२ मध्ये आहेत आणि तिसरा त्याखालच्या नियमांत. उरलेले तीन चुकीचे असले, तरी त्यांच्या चुकीचे स्वरूप सारखे नाही. पगारातून रक्कम कापून नुकसानभरपाई देण्याची शिफारस समितीला करता येते, पण चौकशी पूर्ण होऊन आरोप सिद्ध झाल्यावर. म्हणजे ‘आ’ निवडणाऱ्याला उपाय ठाऊक आहे, त्याची वेळ ठाऊक नाही. ‘उ’ मध्ये सांगितलेली गोष्ट कलम १६ ने थेट मना केली आहे. तक्रारीचा मजकूर आणि संबंधितांची ओळख जनतेला किंवा माध्यमांना कळवता येत नाही. ‘ऊ’ निवडणाऱ्याच्या मनात बहुधा कलम १० मधला समेट असतो. तक्रारदार महिलेने विनंती केली तर चौकशी सुरू होण्यापूर्वी समेट घडवता येतो, परंतु पैशांची देवाणघेवाण हा त्याचा आधार होऊ शकत नाही.

चुकीच्या पर्यायांची निवड अशीच व्हावी लागते. कामाच्या ठिकाणी माणसे खरोखर ज्या समजुती बाळगून असतात, त्यांतूनच ते घ्यावेत. कोणीही निवडणार नाही असा पर्याय यादी लांबवतो, पण काहीच मोजत नाही. प्रत्येक पर्याय का बरोबर किंवा का चूक, हे कलमाच्या आधाराने एका वाक्यात लिहिता आले पाहिजे. तसे लिहिता येत नसेल तर तो पर्याय अजून तयार झालेला नाही, असे समजावे.

गुण देण्याच्या चार रीती

वरचा प्रश्न पाच जणांनी सोडवला असे समजू. पहिल्याने अ, इ, ई हे अचूक उत्तर दिले. दुसऱ्याने फक्त अ आणि इ निवडले. तिसऱ्याने सहाच्या सहा चौकटींत खूण केली. चौथ्याने अ, इ, ई यांबरोबर उ निवडला. पाचव्याने अ आणि ऊ निवडले. प्रश्नाला तीन गुण आहेत.

पहिली रीत ‘सर्व किंवा शून्य’. उत्तर तंतोतंत जुळले तर तीन गुण, नाहीतर काही नाही. अभियांत्रिकीच्या ‘गेट’ परीक्षेत २०२१ पासून अनेक बरोबर पर्यायांचे प्रश्न आले, त्यांना हाच नियम आहे. तिथे अंशतः गुण नाहीत आणि चुकीबद्दल वजावटही नाही. ही रीत समजायला सोपी आणि अंदाजाला जागा न देणारी आहे, कारण सहा पर्यायांवर डोळे मिटून खुणा केल्या तर अचूक उत्तर सापडण्याची शक्यता चौसष्टांत एक असते. पण एकच पर्याय राहून गेलेला आणि काहीच न वाचलेला, या दोघांना ती एकाच रांगेत बसवते.

दुसऱ्या रीतीत निवडलेल्या प्रत्येक बरोबर पर्यायाला एक गुण मिळतो आणि चुकीच्या पर्यायाचा काहीच परिणाम होत नाही. ही उदार वाटते, पण तिच्यात मोठी फट आहे. सगळ्या चौकटींत खूण करणाऱ्याला पूर्ण गुण मिळतात. चाचणीतली ही गोष्ट एका कर्मचाऱ्याच्या ध्यानात आली की ती सगळ्या कार्यालयाला कळायला वेळ लागत नाही.

तिसरी रीत प्रत्येक पर्यायाला स्वतंत्र होय-नाहीचा प्रश्न मानते. बरोबर पर्याय निवडला किंवा चुकीचा सोडला, दोन्हीबद्दल अर्धा गुण, असे सहा पर्यायांचे तीन गुण होतात. तर्काच्या दृष्टीने ती नीट बसते, कारण चुकीचा पर्याय ओळखून सोडणे हेही ज्ञानच आहे. पण कागद कोरा ठेवणाऱ्यालाही इथे तीन चुकीचे पर्याय सोडल्याबद्दल दीड गुण मिळतो आणि सगळे निवडणाऱ्यालाही तेवढाच. कोरे सोडणे म्हणजे विचार करून नाकारणे, की प्रश्न न वाचणे, हे या रीतीला ओळखता येत नाही. प्रत्येक पर्यायासमोर ‘लागू’ आणि ‘लागू नाही’ अशी दोन वर्तुळे देऊन एक निवडणे सक्तीचे केले तर ही अडचण कमी होते. पण मग प्रश्नाचा प्रकारच बदलतो.

चौथी रीत बेरीज-वजाबाकीची. बरोबर पर्याय निवडला तर एक गुण मिळवायचा, चुकीचा निवडला तर एक वजा करायचा आणि एका प्रश्नाचे गुण शून्याखाली जाऊ द्यायचे नाहीत. अमेरिकेतील परिचारिकांच्या परवाना परीक्षेने, म्हणजे ‘एनक्लेक्स’ने, एप्रिल २०२३ मध्ये नवे स्वरूप घेतले तेव्हा सर्व लागू पर्याय निवडण्याच्या प्रश्नांसाठी हाच नियम स्वीकारला. त्याआधी तिथे सर्व किंवा शून्य अशी पद्धत होती.

पाच जणांचे गुण चारही रीतींनी असे येतात.

| निवडलेले पर्याय | सर्व किंवा शून्य | फक्त बरोबरांची बेरीज | प्रत्येक पर्याय स्वतंत्र | बेरीज-वजाबाकी |
|---|---|---|---|---|
| अ, इ, ई | ३ | ३ | ३ | ३ |
| अ, इ | ० | २ | २.५ | २ |
| सर्व सहा | ० | ३ | १.५ | ० |
| अ, इ, ई, उ | ० | ३ | २.५ | २ |
| अ, ऊ | ० | १ | १.५ | ० |

शेवटचा स्तंभ कायदेपालनाच्या चाचणीला सर्वांत जवळचा आहे. अर्धवट पण खऱ्या ज्ञानाला तिथे गुण मिळतात आणि सरसकट खुणा करण्याला मिळत नाहीत. अंदाजाचा फायदा पूर्ण नाहीसा होत नाही, कारण शून्याखाली गुण जात नसल्यामुळे नशिबाने जमलेल्या उत्तरांचा लाभ राहतो आणि फसलेल्यांचा तोटा पुसला जातो. तीन बरोबर आणि तीन चुकीच्या पर्यायांवर नाणेफेक करून खुणा केल्या, तर सरासरीने सुमारे १६ टक्के गुण हाती लागतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या रीतीत हाच आकडा ५० टक्के असतो.

आयआयटी प्रवेशाच्या ‘जेईई ॲडव्हान्स्ड’ परीक्षेतला नियम महाराष्ट्रातल्या अनेक घरांत ठाऊक असतो. त्यात सर्व बरोबर पर्यायांना चार गुण, अपुऱ्या पण निर्दोष उत्तराला निवडलेल्या पर्यायांच्या संख्येनुसार एक ते तीन, आणि एकही चुकीचा पर्याय निवडला तर उणे दोन मिळतात. तो नियम लाखोंमधून थोडे विद्यार्थी निवडण्यासाठी आहे. प्रशिक्षणाच्या चाचणीला कोणालाही गाळायचे नसते. कोणाला काय अजून समजलेले नाही, एवढेच तिला शोधायचे असते. त्यामुळे एका प्रश्नातली चूक दुसऱ्या प्रश्नाच्या गुणांतून वळती करण्याचे इथे कारण नाही, आणि शून्याची मर्यादा योग्य ठरते.

पर्यायांची संख्या विषम असेल तर

वरच्या प्रश्नात बरोबर आणि चुकीचे पर्याय सारखेच होते, म्हणून सगळ्या खुणा करणाऱ्याचा हिशेब शून्यावर आला. चार बरोबर आणि दोन चुकीचे असतील तर त्याच माणसाला चार वजा दोन, म्हणजे चारांपैकी दोन गुण मिळतील. न वाचता निम्मे गुण ही पुन्हा तीच फट आहे. बरोबर पर्याय चुकीच्या पर्यायांपेक्षा जास्त ठेवायचेच नाहीत, असे ठरवले तर कर्मचारी ते लवकरच हेरतात. बरोबर पर्यायांची संख्या प्रश्नागणिक बदलती राहणेच हिताचे.

यावर उपाय म्हणजे वजन संतुलित करणे. बरोबर पर्यायांचे मिळून १०० टक्के आणि चुकीच्या पर्यायांचे मिळून उणे १०० टक्के धरायचे.

```
गुण = (निवडलेले बरोबर ÷ एकूण बरोबर) − (निवडलेले चूक ÷ एकूण चूक)
उत्तर उणे आल्यास गुण = ०
```

चार बरोबर आणि दोन चुकीच्या पर्यायांच्या प्रश्नात प्रत्येक बरोबर पर्यायाला २५ टक्के मिळतात आणि प्रत्येक चुकीच्या पर्यायाला ५० टक्के कापले जातात. सगळे निवडणाऱ्याला संख्या काहीही असली तरी शून्यच मिळते. या सूत्राचीही मर्यादा आहे. चुकीचा पर्याय एकच ठेवला तर तो निवडताच सगळे गुण जातात. म्हणून सहांच्या यादीत किमान दोन चुकीचे पर्याय असावेत.

मूडल या मोफत शिक्षणप्रणालीत हे वजन प्रत्येक पर्यायाच्या `Grade` या रकान्यात भरता येते. वरच्या मूळ प्रश्नासाठी अ, इ, ई यांना `33.33333%` आणि आ, उ, ऊ यांना `-33.33333%` असे मूल्य निवडायचे. प्रश्नाचे गुण शून्याखाली जाणार नाहीत याची काळजी प्रणाली स्वतः घेते. वारंवार होणारी चूक अशी, की चुकीच्या पर्यायांचा रकाना आधीपासून असलेल्या `None` वरच राहतो. मग वजावट होत नाही आणि नकळत दुसरी रीत लागू होते. ही चूक पकडायला चाचणी खुली करण्याआधी प्रत्येक प्रश्नात सगळ्या चौकटींत खूण करून पाहावी. कुठेही शून्याहून जास्त गुण आले, तर वजन भरण्यात काहीतरी राहिले आहे.

सगळ्या चुका सारख्या नसतात

बेरीज-वजाबाकीत एक प्रश्न उरतो. दुसऱ्या माणसाने एक बरोबर पर्याय सोडला. चौथ्याने तिन्ही बरोबर पर्याय ओळखले, पण नावे वृत्तपत्राला द्यावीत असेही म्हटले. दोघांना दोन-दोन गुण मिळाले. प्रत्यक्षात दुसऱ्याच्या हातून एक उपाय सुचवायचा राहील, तर चौथ्याच्या हातून कायदा मोडेल. गुप्ततेचा भंग करणाऱ्याकडून पाच हजार रुपये वसूल करण्याची तरतूद नियमांत आहे, आणि एकदा फुटलेले नाव परत झाकता येत नाही.

म्हणून चुकीच्या पर्यायांचे दोन वर्ग करावेत. गैरसमजाचा पर्याय निवडला तर नेहमीची वजावट होते. निषिद्ध कृतीचा पर्याय निवडला तर त्या प्रश्नाला शून्य मिळते. आपल्या प्रश्नात ‘आ’ पहिल्या वर्गातला आहे, ‘उ’ आणि ‘ऊ’ दुसऱ्या. मूडलमध्ये निषिद्ध पर्यायाला `-100%` दिले की हे साधते. मग चौथ्याचे गुण दोनावरून शून्यावर येतात आणि दुसऱ्याचे दोनच राहतात.

हा अधिकार जपून वापरावा लागतो. ज्या कृतीला कायद्यात स्पष्ट मनाई आहे, तीच निषिद्ध वर्गात घालावी. प्रश्नकर्त्याला आवडत नाही म्हणून एखादा पर्याय तिथे जाऊ नये. प्रत्येक प्रश्नात असे पर्याय ठेवले तर चाचणी पुन्हा सर्व किंवा शून्याकडे झुकते, आणि अंशतः गुण देण्याचा हेतूच मावळतो.

नियम कर्मचाऱ्यांना चाचणीच्या आरंभी सांगितला पाहिजे. त्यासाठी चार वाक्ये पुरतात. बरोबर पर्याय निवडल्यास गुण मिळतील, चुकीचा निवडल्यास वजा होतील. एका प्रश्नाचे गुण शून्याखाली जाणार नाहीत. कायद्याने मनाई केलेली कृती निवडल्यास त्या प्रश्नाला शून्य मिळेल. कोऱ्या प्रश्नाला शून्य गुण आहेत. निषिद्ध पर्याय कोणते, हे मात्र आधी सांगायचे नसते.

अपूर्णांकांचाही निर्णय आधीच घ्यावा. एक-एक गुणाचे दहा प्रश्न आणि ८० टक्क्यांची पातळी असेल, तर ७.६७ गुण मिळवणाऱ्याचे काय करायचे? प्रत्येक प्रश्नाचे गुण पूर्णांकात नेले तर काहींचा फायदा आणि काहींचा तोटा होतो. प्रश्नागणिक अपूर्णांक तसेच ठेवून फक्त शेवटची बेरीज पातळीशी ताडून पाहणे, ही त्यातली न्याय्य वाट आहे. त्या हिशेबाने ७.६७ म्हणजे आठ नव्हे.

पर्याय कुठे घसरतात

अंशतः गुण देताना प्रत्येक पर्यायाला स्वतःचे मोल येते, त्यामुळे एक सैल वाक्यही गुणांवर परिणाम करते. ‘तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करावी लागते’ हा पर्याय घ्या. कलम ९ मध्ये तीन महिनेच लिहिले आहेत. पण समिती लेखी कारण नोंदवून ही मुदत आणखी तीन महिने वाढवू शकते, आणि घटनांची मालिका असेल तर मुदत शेवटच्या घटनेपासून मोजतात. ज्याला एवढे ठाऊक आहे तो पर्यायापाशी अडखळतो. ज्याने वरवर वाचले आहे तो बेधडक निवडतो. ‘समितीला लेखी कारण नोंदवून तीन महिन्यांची मुदत आणखी तीन महिने वाढवता येते’ असे लिहिले की जाणकाराचा घोटाळा संपतो.

‘तक्रारदार महिलेची बदली करणे’ हा पर्यायही असाच फसवा आहे. कलम १२ मध्ये दोघांपैकी कोणाच्याही बदलीची शिफारस शक्य आहे, पण महिलेच्या लेखी विनंतीवरून. तिने केवळ दिलासा मागितला आणि बदली मागितली नाही, तर हा पर्याय लागू आहे का, यावर दोन जाणकारांचे मत वेगळे पडू शकते. ‘तिने स्वतः बदली मागितल्यास ती मंजूर करणे’ असे लिहिले तर वादाला जागा राहत नाही.

तिसरी घसरण एकमेकांना बांधलेल्या पर्यायांची. ‘रजा देणे’ आणि ‘तीन महिन्यांपर्यंत रजा देणे’ हे दोन्ही यादीत असतील तर एकाच माहितीला दोनदा गुण मिळतात, किंवा एकाच अज्ञानाची दोनदा वजावट होते. एक पर्याय निवडल्यावर दुसऱ्याचा निर्णय आपोआप होत असेल, तर त्यांतला एक काढावा. ‘वरील सर्व’ हा पर्याय याच कारणाने अशा प्रश्नांत चालत नाही.

निकाल वाचताना

प्रश्नाचे एकूण गुण पाहून दोष कुठे आहे हे कळत नाही. दोन गुण मिळवणाऱ्याने काय सोडले, की काय जादा निवडले, हे त्या आकड्यात दिसत नाही. म्हणून प्रत्येक पर्याय किती जणांनी निवडला याची नोंद ठेवावी आणि ज्यांचे एकूण गुण चांगले आहेत त्यांनी तो निवडला का, हे पाहावे. समजा साठ कर्मचाऱ्यांपैकी पस्तीस जणांनी ‘आ’ निवडला आणि त्यांत वरचे गुण मिळवणारेही बरेच आहेत. याचा अर्थ अंतरिम दिलासा आणि चौकशीनंतरची शिफारस यांतला फरक प्रशिक्षणात नीट आलेला नाही, किंवा पर्यायाची भाषा संदिग्ध आहे. तोच पर्याय मुख्यतः कमी गुणांच्या लोकांनी निवडला असेल, तर तो आपले काम नीट करतो आहे.

तपासणीत एखादा पर्याय सदोष निघाला, तर तो सर्वांसाठी रद्द करून उरलेल्यांचे वजन नव्याने मांडावे. आपल्या प्रश्नातून ‘ई’ काढावा लागला, तर दोन बरोबर पर्याय उरतात आणि प्रत्येकाला एक-तृतीयांशाऐवजी निम्मे वजन येते. तक्रार केलेल्या एकट्यादुकट्याचे गुण वाढवणे योग्य नाही, कारण त्याच पर्यायापाशी अडलेले इतर गप्प बसलेले असतात. फेरहिशेबाने ज्यांचे गुण घटतील, त्यांचे आधीचेच गुण कायम ठेवावेत. चूक त्यांची नव्हती.

निकालाबरोबर प्रत्येक पर्यायाखाली कारणाचे ते एक वाक्य कर्मचाऱ्याला दाखवावे. चौथ्या माणसाला ‘शून्य’ एवढेच कळले तर तो नियमावर रागावेल. ‘तक्रारीचा मजकूर आणि नावे माध्यमांना देण्यास कलम १६ नुसार मनाई आहे’ हे वाक्य समोर आले, तर आपला शून्य कोणत्या खुणेमुळे आला आणि प्रत्यक्ष काम करताना काय टाळायचे, हे त्याला तिथेच समजते.